देवनारचा डोंगर उचलायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरच्या उड्डाणपुलावरून जाताना पूर्वेला एक लांबट, करडी टेकडी दिसते. तिच्यावर झाडं नाहीत. वर घारी घिरट्या घालत असतात आणि उतारावर मुंग्यांएवढ्या दिसणाऱ्या गाड्या चढत असतात. नवख्या माणसाला तो खरंच डोंगर वाटतो. प्रत्यक्षात ते देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे. काही ठिकाणी त्याची उंची चाळीस मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी आहे.

मे २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने हा डोंगर हटवण्यासाठी निविदा काढली. ११० हेक्टर जागा, १८५ लाख टन जुना कचरा, मुदत तीन वर्षं आणि अंदाजित खर्च २,३६८ कोटी रुपये. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, इथली १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता. बातमी वाचून बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "उचलणार म्हणजे टाकणार कुठे?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता शहराच्या कचऱ्याची सगळी गोष्ट उलगडते.

डोंगर आला कुठून?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वस्तीतला कचरा वस्तीपासून लांब नेला पाहिजे, ही घाई तेव्हापासून सुरू झाली. लांब म्हणजे चेंबूर-देवनारची खाजणं, भरतीचं पाणी येणारी दलदल. तिथे कचरा रेल्वेने जात असे. आज हार्बर लाइनचा भाग असलेला कुर्ला-चेंबूर हा रुळमार्ग १९०६ मध्ये मुळात कचऱ्यासाठी टाकला गेला आणि माणसांसाठी तो १९२४ मध्ये खुला झाला. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं मानलं जातं.

तेव्हा मुंबईची हद्द माहीम-शीवपाशी संपत होती. देवनार "गावाबाहेर" होतं. १९५० नंतर उपनगरं शहरात आली आणि गावाबाहेरची जागा शहराच्या आत आली. पुढे, १९७० च्या दशकात, शहरातल्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना डंपिंगच्या कडेला, शिवाजी नगर आणि आसपासच्या वस्त्यांत जागा दिल्या गेल्या. म्हणून "डंपिंग शेजारी लोक राहायला आलेच कशाला?" हा प्रश्न देवनारच्या बाबतीत मला अन्यायाचा वाटतो. त्यातल्या अनेकांना तिथे आणून सोडलं होतं.

ढिगाच्या पोटात काय चालतं?

आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो: भाजीची देठं, शिळा भात, फळांच्या साली, चहाचा चोथा. आणि कचऱ्याचे जवळजवळ सगळे त्रास या ओल्या भागातून निघतात.

उरलेली भाजी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून चार दिवस विसरलात, तर झाकण उघडताना काय होतं ते आठवा. फस्स करून वायू सुटतो, वास येतो आणि तळाला काळपट पाणी साचलेलं असतं. डंपिंगच्या ढिगात तेच होतं, फक्त लाखो टनांच्या प्रमाणात आणि वर्षानुवर्षं. वरच्या थराच्या वजनाने खालचा कचरा दाबला जातो, आत हवा पोहोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्या कामातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. गोबर गॅसवर जी शेगडी पेटते ती याच वायूवर. हा वायू हवेत गेला तर वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट पुढे आहे.

तळाला उतरणारं काळं पाणी हा दुसरा त्रास. त्याला लीचेट म्हणतात. कचऱ्यातला ओलावा आणि पावसाचं पाणी झिरपताना वाटेतली आम्लं, क्षार, बॅटऱ्या आणि रंगांमधले जड धातू बरोबर घेऊन खाली जातं. देवनारच्या तळाशी कुठलंही अस्तर नाही. खाली खाजणाचा चिखल आणि पलीकडे ठाण्याची खाडी.

२८ जानेवारी २०१६ ला देवनारला मोठी आग लागली. धूर इतका होता की तो उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. बंब येऊनही आग दिवसचे दिवस का विझत नाही, हे तेव्हा अनेकांना कळत नव्हतं. कारण ती वर जळतच नाही. फटींमधून हवा आत शिरते, पोटातला कचरा धुमसतो आणि मिथेन त्याला खाद्य पुरवतो. वरून मारलेलं पाणी प्लास्टिकच्या थरांवरून घसरून बाजूला वाहून जातं. अशा आगीवर खरा उपाय म्हणजे माती टाकून फटी बुजवणं किंवा धुमसणारा भाग खणून वेगळा काढून थंड करणं. दोन्हीला वेळ लागतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने, कचऱ्याची नियमानुसार विल्हेवाट लागत नाही म्हणून, मुंबईतल्या नव्या बांधकामांवर बंदी घातली. ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह उठवली. घर बांधायची परवानगी आणि घरातल्या कचऱ्याची जागा या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे त्या आदेशाने पहिल्यांदा ठणकावून सांगितलं.

डंपिंग ग्राउंड आणि लँडफिल एकच ना?

बोलण्यात एकच, पण अभियंत्याच्या दृष्टीने फार वेगळे. डंपिंग ग्राउंड म्हणजे रिकाम्या जागी कचरा ओतत जाणं. लँडफिल म्हणजे कचऱ्यासाठी बांधलेली टाकी. आपल्या नियमांनुसार तिच्या तळाला ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा अखंड पडदा आणि त्यावर लीचेट वाहून नेणारा खडीचा थर हवा. रोजच्या कचऱ्यावर रोज माती पडली पाहिजे, वायू नळ्यांमधून बाहेर काढला पाहिजे आणि भरून झाल्यावर वरूनही झाकण बसलं पाहिजे. शिवाय या टाकीत फक्त तेच जायला हवं ज्याचा दुसरा काही उपयोग नाही. ओला कचरा तिथे जाणं अपेक्षितच नाही.

मुंबईचा रोजचा कचरा साधारण साडेसहा हजार टनांच्या घरात आहे. त्यातला सहा हजार टनांच्या आसपास कांजूरमार्गला जातो. तिथली पद्धत 'बायोरिअ‍ॅक्टर लँडफिल'ची आहे. नाव जड असलं तरी कल्पना साधी आहे: एक भलामोठा गोबर गॅस प्लँट. अस्तर घातलेल्या खड्ड्यात कचरा भरायचा, वरून झाकायचा, त्याचंच लीचेट परत त्याच्यावर सोडून तो ओला ठेवायचा, म्हणजे कुजणं लवकर होतं. निघणारा वायू गोळा करायचा आणि काही वर्षांनी कुजून शांत झालेला माल उकरून काढायचा.

देवनारपेक्षा हे निश्चितच चांगलं आहे. पण विक्रोळी, कन्नमवार नगर, भांडुपच्या रहिवाशांना रात्री खिडक्या उघडता येत नाहीत, हीही वस्तुस्थिती आहे. झाकलेल्या भागातून वास कमी येतो, पण रोज जिथे गाड्या रिकाम्या होतात तो भाग उघडाच असतो. सहा हजार टन पसरायचा, दाबायचा आणि झाकायचा तर तेवढे तास वास सुटणारच. गाड्यांतून रस्त्यावर गळणारं पाणी वेगळंच.

आणि जागेचा वाद आहेच. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कांजूरची सुमारे १२० हेक्टर जमीन पुन्हा संरक्षित वन ठरवली आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी पालिकेला तीन महिन्यांची मुदत दिली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. न्यायालयं काय म्हणतील हा एक भाग. पण एका आदेशाने शहराचा बहुतेक सगळा कचरा रस्त्यावर येऊ शकतो, इतकं हे सगळं एका जागेवर तोललेलं आहे.

उचलतात म्हणजे करतात काय?

आता मूळ प्रश्न. जुना ढीग हटवण्याच्या पद्धतीला बायोमायनिंग म्हणतात. धान्य पाखडताना आपण जे करतो त्याचाच हा मोठा अवतार समजा.

आधी ढिगाचे उभे काप काढतात आणि पोकलेनने लांबलचक वरंबे घालतात, शेतात सरी-वरंबा असतो तसे. त्यांच्यावर जिवाणूंचं द्रावण फवारतात आणि आठवड्याच्या अंतराने ते उलटेपालटे करतात. आतापर्यंत हवेविना कुजणाऱ्या मालाला हवा मिळते, वायू निघून जातो, ओल सुटते, वजन उतरतं. साधारण महिनाभरात माल भुसभुशीत होतो. ओला असेल तर पुढचं काहीच जमत नाही, कारण चिखल चाळणीतून पडत नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने हे काम जवळजवळ थांबतं.

मग येते चाळणी. ट्रॉमेल नावाचा भोकं असलेला मोठा फिरता पिंप असतो. एका टोकाने माल आत जातो, आधी मोठ्या भोकांतून, मग बारीक भोकांतून चाळला जातो. हवेचा झोत हलकं प्लास्टिक आणि चिंध्या उडवून बाजूला करतो, चुंबक लोखंड ओढून घेतं. शेवटी हातात उरतात चार-पाच ढीग: बारीक मातीसारखा माल, दगड-विटांचे तुकडे, प्लास्टिक-कापड-रबर, थोडा धातू आणि काच.

आता देवनारचा हिशेब मांडून बघू. १८५ लाख टन, तीन वर्षं. पावसाळे वगळले तर हातात वर्षाचे २४० दिवस, म्हणजे एकूण ७२० दिवस. भागाकार केला तर रोज जवळपास २५,७०० टन. मुंबई एका दिवसात जेवढा कचरा करते त्याच्या चौपट माल रोज उकरायचा, चाळायचा आणि बाहेर न्यायचा. वीस टनांचा डंपर धरला, तर दिवसाला तेराशेच्या आसपास फेऱ्या. दहा तास काम चाललं तर दर मिनिटाला दोन डंपर फाटकातून बाहेर पडले पाहिजेत, त्याच जोडरस्त्यावर जिथे आधीच गाड्यांची रांग असते. म्हणून तीन वर्षांची मुदत ऐकली की माझा पहिला प्रश्न रस्त्याचा असतो, यंत्रांचा नंतर.

पैशाचं गणितही करून बघा. २,३६८ कोटी भागिले १८५ लाख टन, म्हणजे टनाला सुमारे १,२८० रुपये, किलोला सव्वा रुपयाहून थोडे जास्त. आपल्या आजी-आजोबांनी टाकलेल्या प्रत्येक किलो कचऱ्याची ही थकबाकी, आणि ती भरणार आजचा करदाता.

मग तो माल जातो कुठे?

धातूला गिऱ्हाईक लगेच मिळतं, पण तो अगदी थोडा असतो. दगड-विटा भरावाला चालतात. प्लास्टिक आणि चिंध्यांचा जो गठ्ठा बनतो त्याला आरडीएफ म्हणतात. कचऱ्यापासून केलेलं इंधन, एवढाच त्याचा अर्थ. सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये कोळशाबरोबर ते जाळता येतं. पण सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूर, यवतमाळ, सोलापूर या बाजूला आहेत. शेकडो किलोमीटर वाहून न्यायचं आणि त्यात माती चिकटलेली असेल, ओल असेल, तर कारखानदार ते परत पाठवतो. मग आरडीएफचे गठ्ठे तिथेच एका कडेला रचून ठेवले जातात. मोठ्या ढिगाच्या जागी एक छोटा, पण जास्त ज्वलनशील ढीग तयार होतो.

सर्वांत मोठा वाटा असतो बारीक मातीसारख्या मालाचा. तो माती दिसतो, हातात घेतल्यावर मातीसारखाच लागतो, पण त्यात काचेचे कण, प्लास्टिकचे बारीक तुकडे, क्षार आणि काही वेळा जड धातू असतात. म्हणून शेतात खत म्हणून घालण्याआधी त्याची कसून तपासणी लागते, आणि जुन्या मिश्र ढिगातला माल त्या तपासणीत क्वचितच उतरतो. बहुतेकदा तो सखल जागी, खाणींच्या खड्ड्यांत भरला जातो.

काम प्रामाणिकपणे चाललंय की नाही, हे ओळखायची खूण इथेच आहे. किती टन उकरला हा आकडा सगळे सांगतात. त्यातला प्रत्येक प्रकार किती टन निघाला, कुठल्या गाडीने कुठे गेला आणि घेणाऱ्याने तो घेतल्याची पावती कुठे आहे, हे विचारा. आत गेलेला आकडा आणि बाहेर पडलेले आकडे जुळले पाहिजेत. ओल उडून गेल्याने थोडी तूट येते, पण निम्मा माल हवेत विरत नाही. नोंदी नसतील तर समजावं की माल एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात गेला आहे, आणि दुसऱ्या खड्ड्याशेजारच्या विहिरींना ते काही वर्षांत कळेल.

त्या जमिनीवर घरं बांधता येतील का?

२०१६ च्या घनकचरा नियमांत भरून बंद केलेल्या लँडफिलची किमान पंधरा वर्षं देखरेख करायला सांगितलं होतं. वायू आणि लीचेट प्रमाणात आहेत आणि जमीन बसत नाही, एवढं सिद्ध झाल्यावरच तिथे वस्तीचा विचार करता येतो. देवनारमध्ये ढीग झाकायचा नसून काढून टाकायचा आहे. त्यामुळे हा पंधरा वर्षांचा नियम तिथे जसाच्या तसा लागू होत नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि त्यात तथ्य आहे. वायू करणारा मालच गेला तर वायू कशाचा येणार?

पण अट एकच: तो खरोखर शेवटपर्यंत गेला पाहिजे. शंभर वर्षं खाजणाच्या चिखलात रुतत गेलेला कचरा नेमका कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो, हे खोदल्याशिवाय कळत नाही. चिखलात मुरलेलं लीचेट ट्रॉमेलमधून निघत नाही. म्हणून ढीग उचलल्यावर ठरावीक अंतरावर भोकं पाडून माती, पाणी आणि वायू तपासणं हा स्वतंत्र आणि वेळखाऊ टप्पा आहे. तो घाईत उरकला तर काय होतं याची झलक मालाडला दिसली आहे. चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंगच्या जागेवर कार्यालयं उभी राहिली, आणि तिथले संगणक व इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणं वारंवार बिघडू लागल्याच्या तक्रारी आल्या. कुजणाऱ्या कचऱ्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तांबं आणि चांदी गंजवतो, आणि संगणकाच्या आतली जोडणी त्याच धातूंची असते. संगणक बदलता येतो. तिथे घरं असतील तर त्यात लहान मुलं असतील. धारावीतल्या कुटुंबांना देवनारला नेण्याचा विचार करताना हा टप्पा वगळता येणार नाही, आणि तपासणीचे अहवाल त्यांच्या हातात मराठी-हिंदीत पडले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

"आम्ही वेगळा केला तरी गाडीत एकत्रच करतात ना?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि तो खोटा नाही. मी स्वतः आमच्या गल्लीत दोन डब्यांतला कचरा एकाच हौद्यात उलटा होताना पाहिलाय. कारण समजून घ्यायचं तर पैसे कशाचे मिळतात ते बघा. अनेक ठिकाणी कचरा वाहणाऱ्या कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळतात. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, बिल होतं. ओला कचरा जड असतो, राडारोडा तर फारच जड. वजन घटवण्यात कंत्राटदाराचं नुकसान आणि वाढवण्यात फायदा. शिवाय दाबून भरणारी कॉम्पॅक्टर गाडी कचरा इतका कुस्करते, की आत कागद, काच आणि आमटी एकजीव होऊन बाहेर पडतात.

याचा उलटा नमुना पुण्यात बघायला मिळतो. तिथे कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे, आणि त्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार कचरा घेणाऱ्या ताईंना घरटी शुल्क मिळतं आणि सुका कचरा विकून आलेले पैसेही त्यांचेच. वजनाचा प्रश्नच नाही. तुमचा कागद कोरडा राहिला तर ताईंना चार पैसे जास्त मिळतात, म्हणून ओला-सुका एकत्र दिलात तर त्या दारातच थांबून वाद घालतात. मी म्हणेन, कुठल्याही जनजागृतीच्या फलकापेक्षा हा वाद जास्त कामाचा आहे.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या घनकचरा नियमांत चार भाग करायला सांगितलं आहे: ओला, सुका, सॅनिटरी पॅड-डायपरसारखा स्वच्छतेचा कचरा, आणि बॅटरी-औषधं-रंगाचे डबे असा विशेष काळजीचा कचरा. चार डबे घरात ठेवणं अवघड नाही. गाडीत चार कप्पे आहेत का आणि गाडीचं बिल कशावर ठरतं, हे दोन प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारल्याशिवाय मात्र त्या चार डब्यांना अर्थ येणार नाही.

"सगळं जाळून वीज का करत नाहीत?"

ओली लाकडं चुलीत घातली की काय होतं ते गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. निम्मी उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि घरभर धूर होतो. आपला मिश्र कचरा तसाच आहे. कोरडा, निवडलेला कचरा जळतो, पण निवडून काढला की त्यातला बराचसा कागद-पुठ्ठा आणि चांगलं प्लास्टिक भंगारवालाच घेऊन जातो. देवनारलाच वीजनिर्मितीचा प्रकल्प होतो आहे, तो रोज ६०० टनांचा. साडेसहा हजारांपुढे तो किती ते दिसतंच. जाळल्यावर राख उरते आणि तिलाही जागा लागते.

"रिसायकलिंग होतं ना?"

होतं, आणि पालिकेच्या कितीतरी आधीपासून होतं. कचरावेचक, फेरीवाला भंगारवाला, गोदामवाला, धारावीतला प्लास्टिक दळणारा अशी ती साखळी. पण ती बाजारभावावर चालते. पाण्याची रिकामी बाटली पन्नासेक गोळा केल्या की किलो भरतो आणि त्याला भाव आहे. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन घ्या: दोन-अडीच ग्रॅमचं, किलोसाठी चारशे-पाचशे वेचावे लागतील, आणि प्लास्टिक व चकचकीत धातूचे थर त्यात असे चिकटवलेले असतात की ते सुटे करता येत नाहीत. म्हणून ते कुणीच उचलत नाही. समुद्रकिनाऱ्यावर, नाल्यात आणि ट्रॉमेलच्या तोंडाशी सगळ्यात जास्त दिसतं तेच. पुठ्ठ्याला आमटी लागली की त्याचा भावही पडतो. त्यामुळे सुक्या कचऱ्याचं रिसायकलिंग होणार की नाही, हे शेवटी ओला कचरा त्याला शिवला की नाही यावरच ठरतं.

ओल्याचं गणित त्याहून सोपं आहे. दहा किलोच्या डब्यात सहा किलो ओला असेल आणि तो सोसायटीच्या आवारातच पिंपात किंवा खड्ड्यात सुक्या पानांबरोबर कुजवला, तर दीड-दोन महिन्यांत त्याचं किलो-दीड किलो खत उरतं. हवा खेळती असल्यामुळे मिथेन जवळपास होत नाही. मुंबईत २०१७ मध्ये २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या आवारांना हे बंधनकारक केलं गेलं. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीने महागडं यंत्र घेतलं आणि सहा महिन्यांत ते बंद पडलं. यंत्र चोवीस तासांत "खत" देतं असं विक्रेत्याने सांगितलं होतं. ते फक्त वाळवून भुकटी करत होतं. पाणी लागताच भुकटीला पुन्हा वास यायचा. नंतर तिथल्या माळीकाकांनी विटांचे दोन हौद बांधले, एक भरायचा तेव्हा दुसरा मुरायचा, आणि ते आजही चालू आहेत.

"शहरापासून लांब का नेत नाहीत?"

नेलंच की. देवनार लांब होतं. मग मुलुंड, अगदी ठाण्याच्या वेशीवर. ते २०१८ मध्ये बंद झालं आणि तिथला सुमारे ७० लाख टनांचा ढीगही आता बायोमायनिंगने काढला जातोय. मग कांजूर. त्यानंतर मुंबईच्या कचऱ्यासाठी अंबरनाथ तालुक्यातल्या करवले गावची जागा पुढे आली, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला.

पुण्याची वाटही हीच. आधी कोथरूडचा कचरा डेपो. वस्ती वाढली, तो बंद झाला, आणि आज त्या जागेवर वनाज मेट्रोचा डेपो आहे. कचरा गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथल्या विहिरींचं पाणी गेलं. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या, आणि २०१७ मध्ये आगीनंतरच्या आंदोलनात पुण्यात आठवडेच्या आठवडे कचरा पडून राहिला. त्याच वर्षी ही दोन्ही गावं पुणे महापालिकेत घेतली गेली, आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. डेपोच्या जमिनीला आता शहराचा भाव आहे, आणि शेतात उतरलेलं लीचेट गावाकडेच आहे.

औरंगाबादने (आता छत्रपती संभाजीनगर) फेब्रुवारी-मार्च २०१८ मध्ये याचं पुढचं पान पाहिलं. नारेगावच्या लोकांनी गाड्या आत घ्यायला नकार दिला, शहराकडे दुसरी जागाच नव्हती, आणि मिटमिट्याला कचरा न्यायचा प्रयत्न झाला तेव्हा दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गोष्ट गेली.

करवलेच्या गावकऱ्यांनी देवनार पाहिलंय. तिथे अस्तर घालू, रोज माती टाकू, वास येणार नाही असं त्यांना सांगितलं जाईल, आणि कागदावर ते शक्यही आहे. त्यांनी अधिकाऱ्यांना एवढंच विचारावं: येणाऱ्या गाडीत ओला कचरा किती टक्के असेल, आणि तो मोजणार कोण?